पुनर्विवाहानंतर पहिल्या नवऱ्याच्या जमिनीतला हिस्सा राहतो की जातो? (हक्कसोडपत्रावर सही मागताहेत)

रानजाई
नमस्कार. धाकट्या बहिणीसाठी लिहिते आहे. तिचे यजमान २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेले. मृत्युपत्र वगैरे काही नव्हतं. भाची तेव्हा पाच वर्षांची होती. २०२४ मध्ये बहिणीने रीतसर नोंदणी पद्धतीने दुसरं लग्न केलं. भाची तिच्याकडेच आहे.

प्रश्न गावाकडच्या सहा एकरांचा आहे. ही जमीन तिच्या सासऱ्यांनी १९७८ मध्ये खरेदी केली. ते एसटीत चालक होते. ते १९९४ मध्ये वारले. मागे सासूबाई आणि दोन मुलगे, नणंद नाही. सातबारावर आजही फक्त मोठ्या दिरांचं नाव आहे आणि पुढे "ए.कु.मॅ." असं लिहिलंय. बहिणीच्या यजमानांचं नाव कधी लागलंच नाही.

आता मोठ्या दिरांनी हक्कसोडपत्राचा मसुदा पाठवला आहे. त्यातलं वाक्य जसंच्या तसं देते: "मी दुसरा विवाह केला असल्याने सदर मिळकतीत माझा व माझ्या अज्ञान मुलीचा कोणताही हक्क, हितसंबंध राहिलेला नाही." बदल्यात तीन लाख देऊ म्हणतात. पुढच्या आठवड्यात निबंधक कार्यालयात बोलावलंय. "नाहीतरी कायद्याने तुला काहीच मिळणार नाही, हे आम्ही माणुसकीने देतोय" असं सांगतात. हे खरं आहे का?

भाऊसाहेब_६१
ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण दिरांचं म्हणणं बरोबर आहे. विधवा पुनर्विवाहाचा जो इंग्रजांच्या काळातला कायदा आहे त्यातच लिहिलंय की दुसरं लग्न केल्यावर पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेतला हक्क संपतो, जणू ती बाई वारली असं धरायचं. आमच्या चुलत आजीचं असंच झालं होतं, जमीन परत भावकीत आली. मुलीचा हिस्सा मात्र राहतो, तो कुणी काढू शकत नाही. तेव्हा तीन लाख घ्यावेत आणि मुलीचं वेगळं लिहून घ्यावं.

निशिगंध
रानजाई, आधी एवढंच सांगते: पुढच्या आठवड्यात बहिणीने तिथे जाऊ नये. मी दिवाणी न्यायालयात वकिली करते आणि हा मसुदा मी वेगवेगळ्या हस्ताक्षरांत बऱ्याचदा पाहिलाय.

भाऊसाहेब म्हणतात ते कलम होतं. १८५६ च्या कायद्याचं कलम २. त्या काळी विधवेला नवऱ्याची मालमत्ता हयातीपुरती, मर्यादित हक्काने मिळायची, म्हणून लग्न केलं की ती परत जायची. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने हा पायाच काढून टाकला. कलम ८ प्रमाणे मृत्युपत्र नसेल तर पत्नी, मुलं आणि आई हे सगळे एकाच पायरीवरचे वारस, प्रत्येकाला समान हिस्सा. आणि कलम १४ प्रमाणे स्त्रीला जे मिळतं ते पूर्ण मालकीचं. १८५६ चा कायदा तर १९८३ मध्ये संसदेने रद्दच केला.

मधल्या काळात, म्हणजे १९५६ नंतर पण १९८३ आधी, दोन्ही कायदे पुस्तकात होते तेव्हा काय, हा वाद केरळमधल्या एका खटल्यातून सर्वोच्च न्यायालयात गेला. चेरोट्टे सुगतन विरुद्ध चेरोट्टे भारती, २००८. तिथेही नवरा वारल्यावर पत्नीने दुसरं लग्न केलं होतं आणि सासरचे म्हणत होते की हिस्सा गेला. न्यायालयाने सांगितलं की नवरा वारला त्या क्षणी तिचा हिस्सा पूर्ण मालकीने तिच्यात आला, नंतरच्या लग्नाने तो काढून घेता येत नाही.

सगळं त्या क्षणावर आहे. तुमच्या बहिणीचा हक्क २०२१ मध्ये ठरला. २०२४ मध्ये तिने काय केलं याचा त्याच्याशी संबंध नाही. भाऊसाहेबांच्या चुलत आजी बहुधा १९५६ च्या आधीच्या असतील, तेव्हा ते त्या काळच्या कायद्याप्रमाणे झालं असेल.

भाऊसाहेब_६१
हो, आजीचं १९४८-४९ च्या सुमाराचं असेल. कायदा बदललाय हे मला ठाऊक नव्हतं, आभारी आहे. पण मॅडम, माझ्या माहितीतल्या एका बाईंची पेन्शन तर दुसऱ्या लग्नानंतर खरोखर बंद झाली. मग ते कसं?

निशिगंध
तेही खरं आहे, आणि गोंधळ तिथूनच होतो. पेन्शन आणि पोटगी हे वारसाहक्क नाहीत. भविष्य निर्वाह निधीची १९९५ ची कर्मचारी पेन्शन योजना घ्या. विधवेची मासिक पेन्शन पुनर्विवाहानंतर थांबते, पण मग मुलांना अनाथ धरून त्यांची पेन्शन पंचवीस टक्क्यांवरून पंचाहत्तर टक्के होते. हे बहुतेकांना माहीत नसतं आणि अर्जच केला जात नाही. रानजाई, मेहुणे नोकरीत होते का ते बघा. सासऱ्यांकडून सुनेला मिळणाऱ्या पोटगीचा हक्कही लग्नाने संपतो.

म्हणजे महिन्याच्या महिन्याला आधार म्हणून मिळतं ते थांबू शकतं. मालकीने मिळालेलं थांबत नाही.

पक्या_कोथरूड
सोसायटीत नॉमिनी कोण आहे ते आधी बघा. नॉमिनी बहीण असेल तर सगळं तिचंच, बाकी कुणाचा संबंध नाही.

निशिगंध
पक्या, इथे प्रश्न शेतजमिनीचा आहे, तिला नॉमिनी नसतो. आणि फ्लॅटच्या बाबतीतही सोसायटी नॉमिनीच्या नावावर सभासदत्व करते ते तात्पुरतं. मालक वारसच असतात.

जुना_तलाठी
मी महसूल खात्यातून निवृत्त झालोय. कायद्याचं निशिगंध ताईंनी सांगितलं, मी कागदाचं सांगतो.

"ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. त्याचा अर्थ जमीन एकट्याची असा होत नाही, उलट तो एकटा मालक नाही याचाच तो पुरावा आहे. एकत्र कुटुंबातर्फे मोठ्याचं नाव, बाकीच्यांची नावं मागे. पूर्वी गावोगाव हेच चालायचं. सोसायटीचं कर्ज काढायला एक सही पुरावी, हे एक कारण. बायकांची नावं लावलीच तर "इतर हक्क" या रकान्यात टाकायची. ही खोड आमच्याच खात्याची, वाईट वाटतं पण खरं आहे. तुमच्या बहिणीचं नाव लागेल तेव्हा ते भोगवटादार रकान्यात लागलंय ना, हे डोळ्यांनी बघून घ्या. इतर हक्कात लिहिलं तर लगेच लेखी हरकत द्या.

आता हिशोब. सहा एकर म्हणजे २४० गुंठे. सासरे १९९४ मध्ये गेले, वारस तीन: सासूबाई आणि दोन मुलगे. प्रत्येकी ८० गुंठे. धाकट्या मुलाचे ८० गुंठे २०२१ मध्ये त्याच्या तीन वारसांकडे: पत्नी, मुलगी आणि आई. प्रत्येकी २६ गुंठ्यांच्या वर, नेमकं म्हणाल तर ८० चा तिसरा भाग. बहीण आणि भाची मिळून ५३ गुंठ्यांहून थोडं जास्त, सव्वा एकराच्या वर. सासूबाईंचा मुलाच्या जमिनीत हिस्सा असतो हे ऐकून पुष्कळ सुना चमकतात, पण तो असतो आणि तो मानायला हवा.

नोंदी दोन कराव्या लागतील, एक नाही. आधी १९९४ च्या मृत्यूची वारस नोंद, म्हणजे तीन नावं येतील. मग २०२१ च्या मृत्यूची. लोक थेट दुसरी करायला जातात आणि तलाठी म्हणतो, मयताचं नावच सातबारावर नाही, वारस कुठे लावू? बरोबरच असतं त्याचं.

रानजाई
निशिगंध, जुना तलाठी, दोघांचेही मनापासून आभार. बहिणीला सगळं वाचून दाखवलं. तिने दिरांना "आत्ता येणार नाही" असं कळवलं. त्यावर त्यांचा फोन आला की ही जमीन वडिलोपार्जित आहे, सासऱ्यांनी घेतलेली नाही, आणि वडिलोपार्जितमध्ये सुनेचा काही संबंध नसतो. खरेदीखत आमच्याकडे नाही.

जुना_तलाठी
खरेदीखत घरात नसलं तरी दुय्यम निबंधक कार्यालयात असतं. तालुक्याला जाऊन वर्ष, गाव आणि गट नंबर देऊन सूची क्रमांक २ चा शोध घ्या आणि नक्कल मागा. शिवाय तलाठ्याकडे किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात जुना फेरफार मिळेल. १९७८ च्या खरेदीचा फेरफार झाला असणारच, त्यात देणाऱ्या-घेणाऱ्याची नावं आणि रक्कम दोन्ही असतात. सातबारावर फेरफार क्रमांक गोलात लिहिलेले दिसतील, त्यातला सगळ्यात जुना धरा आणि मागे मागे जा.

निशिगंध
आणि वडिलोपार्जित ठरली तरी दिरांच्या हाती काही लागत नाही. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मगदूम कुटुंबाचा खटला झाला. खंडाप्पा १९६० मध्ये गेले, मागे पत्नी हिराबाई, दोन मुलगे, तीन मुली. न्यायालयाने सांगितलं की माणूस मरायच्या आदल्या क्षणी वाटप झालं असं धरायचं. आपल्याकडच्या परंपरेप्रमाणे बाप-मुलांच्या वाटपात आईलाही एक वाटा मिळतो, म्हणून चार वाटे. मग खंडाप्पांच्या पाव हिश्शाचे सहा वारसांत सहा भाग. हिराबाईंना स्वतःचा पाव आणि वर चोविसावा, मिळून चोवीसपैकी सात भाग मिळाले.

हेच तुमच्याकडे लावून बघा. १९९४ मध्ये चार वाटे: सासरे, सासूबाई, दोन मुलगे. सासऱ्यांचा पाव हिस्सा पुन्हा तिघांत. बेरीज केली तर प्रत्येकाला तिसराच भाग येतो, तेच ८० गुंठे! पुढे २०२१ च्या पायरीवर, वडिलोपार्जित धरली तर मुलगी जन्मानेच सहहिस्सेदार होते, म्हणजे भाचीचा वाटा वाढतो. बहिणीचा वाढू शकतो किंवा घटूही शकतो, कारण मुलगी एकटीच सहहिस्सेदार असताना पत्नीचा वाटा कसा काढायचा यावर वाद घालायला जागा आहे, त्यामुळे आकडा मी इथे देणार नाही. दोघींचा मिळून हिस्सा मात्र कमी होत नाही.

मसुद्यातल्या त्या वाक्याबद्दलही लिहायचं राहिलं. "माझ्या अज्ञान मुलीचा" हे शब्द सगळ्यात जास्त घातक आहेत. बापाच्या मागे आई ही मुलीची नैसर्गिक पालक, आणि दुसरं लग्न केल्याने ते पालकत्व जात नाही. पण पालक असली तरी मुलीच्या स्थावर मालमत्तेचा हक्क तिला जिल्हा न्यायालयाच्या परवानगीशिवाय सोडता येत नाही. तशी सही केली तर मुलगी सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत ती रद्द करून मागू शकते. पण मुलीवर ती वेळ आणायचीच कशाला? बहिणीला स्वतःचा हिस्सा सोडायचा असेल तर तो तिचा निर्णय, भाचीचा हिस्सा त्या कागदात येताच कामा नये. आणि एकदा नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र "मला कायदा माहीत नव्हता" म्हणून सहज मागे घेता येत नाही.

हिरवाई
मी पण याच परिस्थितीत आहे, थोडा फरक आहे. माझे यजमान २०१८ मध्ये गेले, मी २०२२ मध्ये लग्न केलं. पण माझे सासरे अजून आहेत, आणि घर, दुकान सगळं त्यांच्या स्वतःच्या नावावर, त्यांनी स्वतः कमावलेलं. माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. आम्हाला काय मिळेल?

निशिगंध
हिरवाई, आज काहीच नाही, कारण सासरे हयात आहेत आणि स्वकष्टार्जित मालमत्ता ते कुणालाही देऊ शकतात. ते मृत्युपत्राशिवाय गेले तर तुमचा मुलगा वारस आहे, त्यात शंका नाही.

तुमचं स्वतःचं अवघड आहे. आधी गेलेल्या मुलाची विधवा ही सासऱ्यांची वारस असते, पण जुन्या कलम २४ प्रमाणे सासरे वारले त्या दिवशी तिने पुनर्विवाह केलेला असेल तर तिला मिळत नसे. ते कलम २००५ च्या दुरुस्तीने काढून टाकलं. एक बाजू म्हणते, अडथळाच काढला, म्हणजे आता मिळायला हवं. दुसरी म्हणते, दुसरं लग्न झाल्यावर ती त्या मुलाची विधवा उरतच नाही, मग वारस म्हणून कशी येणार? माझं मत पहिल्या बाजूचं आहे, कारण संसदेने कलम उगाच काढलं नसणार. पण त्यावर भरवसा ठेवून काही ठरवू नका. रानजाईंच्या बहिणीचं आणि तुमचं यात गल्लत करू नका: तिला स्वतःच्या नवऱ्याचा हिस्सा मिळतोय आणि तो लग्नाआधीच मिळाला. स्वतःच्या नवऱ्याच्या विधवेला कलम २४ कधीच लागू नव्हतं.

हिरवाई
कळलं. म्हणजे मुलाचं बघायचं. सासरे चांगले आहेत, दर सुट्टीत त्याला घेऊन जातात. त्यांच्याशी आत्ता हे बोलायला जीभ रेटत नाही.

मांडवी
आमच्या गोव्यात वेगळं आहे. वेगळा करार केला नसेल तर लग्न झाल्यापासून दोघांच्या मालमत्तेत निम्मा वाटा बायकोचा असतो. नवरा गेल्यावर तिला तो वारसा म्हणून मिळत नाही, तो आधीपासून तिचाच असतो. उरलेल्या निम्म्याचं वारसांत इन्व्हेंटरी करून वाटप होतं. माझ्या मावशीने चाळिशीत पुन्हा लग्न केलं तेव्हा तिच्या निम्म्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

भाऊसाहेब_६१
एक विचारू का, रागावू नका. दिरांची बाजू मी समजू शकतो. कायदा काही असो, भावकीची जमीन परक्या घरात जाते ही धास्ती माणसाला असतेच. उद्या रानजाईंच्या बहिणीला काही झालं तर तिचा हिस्सा दुसऱ्या नवऱ्याकडे जाणार ना?

निशिगंध
यात रागावण्यासारखं काही नाही, हा विचारायलाच हवा असा प्रश्न आहे. कलम १५ बघावं लागेल. स्त्री मृत्युपत्र न करता गेली आणि तिला मूलबाळ नसेल, तर नवऱ्याकडून आलेली मालमत्ता त्याच नवऱ्याच्या वारसांकडे परत जाते. म्हणजे इथे भाची नसती तर तो हिस्सा सासरकडेच गेला असता, दुसऱ्या नवऱ्याकडे नाही.

मूल असेल तर तो नियम लागत नाही. मग तिची मुलं, कुठल्याही लग्नाची, आणि हयात नवरा हे बरोबरीने वारस. म्हणजे आज तिचं काही बरंवाईट झालं तर तिच्या २६ गुंठ्यांतले निम्मे भाचीला आणि निम्मे दुसऱ्या नवऱ्याला. तेव्हा दिरांची धास्ती अगदीच खोटी नाही.

पण त्यावर इलाज सोपा आहे. बहिणीने तिच्या हिश्शाचं मृत्युपत्र भाचीच्या नावे करावं. दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही पण करावी. जमीन त्याच घराच्या मुलीकडे राहील. आणि सासूबाई गेल्यावर त्यांच्या हिश्शातही भाचीला वडिलांच्या जागी वाटा आहे. तिथे सुनेला नाही, नातीला आहे.

रानजाई
हे बहिणीच्या मनातलंच निघालं. ती पहिल्यापासून म्हणते आहे की मला नको, पण माझ्या मुलीच्या बापाचं नाव त्या जमिनीवरून पुसायला मी सही करणार नाही. मृत्युपत्राची कल्पना तिला पटली. तिचे आताचे यजमान पण म्हणाले, माझा त्यात एक गुंठा नको, लिहून टाक.

काल तलाठी कार्यालयात गेलो होतो. दोन्ही मृत्यू दाखले, प्रतिज्ञापत्र, वारसांची नावं असा अर्ज दिला. तिथल्या मॅडमनी घेतला, पण म्हणाल्या दिरांची हरकत नक्की येणार.

जुना_तलाठी
येऊ द्या. नोटीस निघेल, हरकतीला पंधरा दिवस असतात. हरकत आली की प्रकरण तक्रारी नोंदवहीत जाईल आणि सुनावणी होईल. तिथे "दुसरं लग्न केलं" एवढंच हरकतीत असेल तर बहिणीने शांतपणे मृत्यूची तारीख आणि लग्नाची तारीख, दोन दाखले शेजारी शेजारी ठेवावेत. भांडू नये. निकाल विरोधात गेला तर साठ दिवसांत प्रांतांकडे अपील.

एक मात्र आधीच सांगतो. फेरफाराने मालकी ठरत नाही. नाव लागलं तरी मोजून वेगळा तुकडा हातात येणार नाही, सगळ्यांची संमती नसेल तर वाटपासाठी दिवाणी दावाच करावा लागेल. त्याला वर्षं जातात.

निशिगंध
दाव्याआधी सासूबाईंशी बोला. १०६ गुंठ्यांच्या वर त्यांचा हिस्सा आहे, मोठ्या मुलापेक्षा जास्त, आणि तो आजवर कुठल्याच कागदावर नाही. त्यांचं स्वतःचं नाव लागणार आहे हे त्यांना कुणी सांगितलंय का?

रानजाई
नाही. त्यांना वाटतं सगळं मोठ्याचंच आहे. रविवारी बहीण भाचीला घेऊन भेटायला जाते आहे. दिर घरी असतील की नाही माहीत नाही. सांगते काय होतं ते.